जीआरईचा कॅल्क्युलेटर आणि पुसता येणारा बोर्ड : काय चालते, काय नाही?

परदेशात एमएस करायचे म्हणून पुण्या-मुंबईतले अनेक इंजिनीअर जीआरई देतात. तयारी महिनोन्‌महिने चालते. शब्दांच्या याद्या पाठ होतात, गणिताचे शेकडो प्रश्न सोडवले जातात. पण परीक्षेत हिशेब कशावर करायचा आणि कच्चे काम कुठे लिहायचे, हा प्रश्न बहुतेकांना आदल्या रात्री पडतो. मग मित्राला फोन जातो. मित्राने परीक्षा केंद्रावर दिलेली असते, तो सांगतो, ‘कागद देतात रे, काळजी नको.’ इथेच घोळ होतो. फोन करणाऱ्याने परीक्षा घरून देण्यासाठी नोंदवलेली असते आणि घरच्या परीक्षेत साधा कागद चालतच नाही.

ही चूक किरकोळ वाटते, पण शुल्क वीस हजार रुपयांहून अधिक आहे. नियम मोडला तर परीक्षा मध्येच थांबवली जाऊ शकते, गुण रद्द होऊ शकतात आणि पैसेही परत मिळत नाहीत. त्यामुळे दोन गोष्टी आधीच पक्क्या हव्यात. कॅल्क्युलेटर कधी मिळणार, हे परीक्षेच्या विभागावर ठरते. लिहायला काय मिळणार, हे परीक्षा कुठे बसून देता यावर ठरते.

कॅल्क्युलेटर कुठे उघडतो?

सप्टेंबर २०२३ पासून जीआरई एक तास ५८ मिनिटांची झाली. त्यात गणिताचे, म्हणजे क्वांटचे, दोन भाग असतात. पहिल्यात १२ प्रश्न आणि २१ मिनिटे, दुसऱ्यात १५ प्रश्न आणि २६ मिनिटे. स्क्रीनवरचा कॅल्क्युलेटर फक्त या दोन भागांत उघडतो. स्वतःचा कॅल्क्युलेटर घरीही चालत नाही आणि केंद्रावरही नाही. मोबाइल किंवा घड्याळातला तर दूरच राहिला.

गेटची तयारी केलेल्यांना इथे पहिला धक्का बसतो. गेटचा व्हर्च्युअल कॅल्क्युलेटर सायंटिफिक असतो, त्यात साइन, लॉग सगळे असते. जीआरईचा कॅल्क्युलेटर किराणा दुकानातल्यासारखा साधा आहे. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्गमूळ, कंस, चिन्ह बदलायचे बटण आणि मेमरीची तीन बटणे, एवढेच. वर्गमूळ काढताना आधी संख्या टाकायची आणि मग वर्गमूळाचे बटण दाबायचे.

पण दिसायला दुकानातल्यासारखा असला, तरी तो वागतो वेगळा. ४० आणि ६० यांची सरासरी काढायची आहे, असे समजू. सवयीने बटणे अशी दाबली जातात:

```
40 + 60 ÷ 2 =
```

दुकानातला साधा कॅल्क्युलेटर आधी ४० आणि ६० मिळवतो, मग दोनने भागतो आणि ५० दाखवतो. जीआरईचा कॅल्क्युलेटर गणिताचा क्रम पाळतो. तो आधी ६० ला दोनने भागतो, मग ४० मिळवतो आणि उत्तर देतो ७०. कॅल्क्युलेटर बरोबर आहे, बोटांची सवय चुकीची आहे. पर्यायांत ७० असला की विद्यार्थ्याला शंकाही येत नाही. म्हणून कंस द्यायचा:

```
(40 + 60) ÷ 2 =
```

आठ अंकांची भिंत

या कॅल्क्युलेटरवर आठच अंक मावतात. उत्तर ९,९९,९९,९९९ च्या पुढे गेले, म्हणजे दहा कोटींना पोहोचले, की पडद्यावर `ERROR` येते आणि `C` दाबून सगळे पुसावे लागते. शेवटचे उत्तर छोटे असले तरी मधली पायरी मोठी झाली की हेच घडते.

उदाहरण घ्या. तलावात ४ कोटी ८० लाख लिटर पाणी आहे. त्यातले २५ टक्के पाणी १२ हजार लिटरच्या टँकरने न्यायचे आहे, तर किती फेऱ्या होतील? शाळेतल्या पद्धतीने ४,८०,००,००० गुणिले २५ केले की १२० कोटी होतात आणि कॅल्क्युलेटर तिथेच अडतो. हेच गणित असे टाकले तर अडत नाही:

```
48000000 × 0.25 ÷ 12000 =
```

मधली पायरी १ कोटी २० लाख येते, उत्तर १,०००. आधी भागून मग गुणले तरी चालते. मोठ्या संख्या दिसल्या की गुणाकार आधी करायचा नाही, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. तसे पाहिले तर हे गणित कॅल्क्युलेटरचे नाहीच. हजारची शून्ये दोन्हीकडून कापली की तोंडी सुटते. आणि एका प्रश्नाला सरासरी पावणेदोन मिनिटेच असताना तोंडी सुटणाऱ्या गणितासाठी माउस हलवणे परवडत नाही.

उत्तर आपोआप रकान्यात, पण जपून

काही प्रश्नांना पर्याय नसतात, उत्तर रकान्यात टाइप करायचे असते. रकाना एकच असेल तर कॅल्क्युलेटरवरचे `Transfer Display` हे बटण चालते. ते दाबले की पडद्यावरची संख्या जशीच्या तशी रकान्यात जाते. पर्यायांच्या प्रश्नांत आणि अपूर्णांकाचे दोन रकाने असलेल्या प्रश्नांत ते चालत नाही.

‘जशीच्या तशी’ हेच इथले दुखणे आहे. प्रश्न असा आहे, की ४३ पैकी १७ जण उत्तीर्ण झाले, तर टक्केवारी एका दशांश स्थळापर्यंत सांगा. १७ भागिले ४३ केले की पडद्यावर 0.3953488 दिसते. बटण दाबले की तेच रकान्यात जाते आणि उत्तर चुकते. हवे असते 39.5. शंभरने गुणायचे आणि मग एका स्थळापर्यंत आणायचे, ही दोन्ही कामे बटण करत नाही. रकान्यात काय उतरले ते प्रश्नाच्या शेवटच्या ओळीशी ताडून बघणे हाच उपाय. छोटी उत्तरे हाताने टाइप करणे अधिक सुरक्षित.

लिहायचे कशावर?

केंद्रावर परीक्षा असेल तर कच्च्या कामाचे कागद केंद्रच देते. स्वतःचे काही न्यायचे नाही. कागद संपले तर हात वर करून आणखी मागता येतात. परीक्षा सुरू होण्याआधी त्यावर काही लिहायचे नाही आणि शेवटी सगळे कागद परत करायचे.

घरून परीक्षा असेल तर साधा कागद आणि पेन बंद. त्याऐवजी दोनपैकी एक गोष्ट चालते. एक तर टेबलावर ठेवण्याजोगा छोटा व्हाइटबोर्ड आणि पुसता येणारा मार्कर. नाही तर पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला एक कागद. लिहायचे पाकिटावर, कागदावर नाही. कागद फक्त पांढरा पाया म्हणून असतो. पुसायला कापड किंवा टिश्यू जवळ हवा. भिंतीवरचा मोठा फळा चालत नाही, कागदांची चळतही नाही.

हा नियम जाचक वाटतो, पण त्यामागचे कारण साधे आहे. केंद्रावर कागद परत घ्यायला माणूस समोर असतो. घरी तो शेकडो मैलांवर, कॅमेऱ्यापलीकडे असतो. कागदावर उतरवलेला प्रश्न घरातच राहील आणि उद्या तो कुणाच्या तरी ग्रुपवर फिरेल. पुसता येणाऱ्या बोर्डावर काही उरत नाही. म्हणूनच शेवटी लिहिलेले सगळे पुसून बोर्ड कॅमेऱ्यासमोर धरून दाखवावा लागतो. परीक्षा संपल्याच्या आनंदात लॅपटॉप बंद करू नये, ही पायरी बाकी असते. सुरुवातीलाही बोर्ड कोरा असायला हवा. सूत्रे आधीच लिहून ठेवली, तर ती तयारी नव्हे, कॉपी ठरते.

बोर्ड लहान, कामे जास्त

बोर्डाची खरी अडचण नियमांत नसून जागेत आहे. एका भागात बारा किंवा पंधरा प्रश्न असतात आणि छोटा बोर्ड चार-पाच प्रश्नांत भरतो. मग पुसावेच लागते. जीआरईत त्याच भागातल्या प्रश्नावर खूण करून नंतर परत येता येते. परत आल्यावर मघाचे निम्मे सोडवलेले गणित पुसले गेले असेल, तर सगळे पहिल्यापासून. कागदावर ही वेळ येत नाही, कारण जुने काम पानावर तसेच असते.

यावर उपाय साधा आहे. बोर्डाचे रेघ ओढून दोन भाग करायचे. डावीकडचा मोठा भाग चालू प्रश्नाचा, तो बिनधास्त पुसायचा. उजवीकडची अरुंद पट्टी खूण केलेल्या प्रश्नांची, तिथे प्रश्नाचा क्रमांक आणि अडलेली पायरी एवढेच लिहायचे. भाग संपेपर्यंत ती पट्टी पुसायची नाही. जाड टोकाचा मार्कर या पट्टीत मावत नाही, त्यामुळे बारीक टोकाचा घ्यावा आणि एक जादा ठेवावा.

दुसऱ्या परीक्षेचा नियम इथे लावू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. जीमॅटमध्ये क्वांट विभागाला कॅल्क्युलेटर मिळतच नाही, तो फक्त डेटा इनसाइट्स विभागात असतो. दोन्ही परीक्षांची तयारी एकदम करणारे विद्यार्थी इथेच गोंधळतात.

सराव कशावर करावा?

क्लासमध्ये आणि घरी बहुतेकांचा सराव वहीवर आणि मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतो. परीक्षा मात्र बोर्डावर आणि माउसने होते. परीक्षा घेणाऱ्या ईटीएसच्या संकेतस्थळावर पॉवरप्रेपच्या दोन सराव चाचण्या मोफत आहेत. त्यांत हाच कॅल्क्युलेटर आहे. त्या वहीवर सोडवणे म्हणजे अर्धा सराव. परीक्षा घरून देणार असाल, तर त्याच टेबलावर, त्याच बोर्डावर, घड्याळ लावून त्या सोडवाव्यात. बोर्ड कितव्या प्रश्नाला भरतो आणि बोटे कंस विसरतात का, हे तेव्हाच कळते.

नियम सगळे संकेतस्थळावर आहेत, लपवलेले नाहीत. पण ते ‘केंद्र’ आणि ‘घर’ अशा दोन वेगळ्या पानांवर आहेत आणि नोंदणीच्या घाईत दुसरे पान कुणी उघडत नाही. क्लासेस शुल्क घेताना शब्दांच्या याद्या देतात. त्यासोबत एक छोटा व्हाइटबोर्ड दिला आणि पहिल्या दिवसापासून त्यावरच गणिते करून घेतली, तर आदल्या रात्री मित्राला फोन करायची वेळ येणार नाही.