फोटोतलं आयकार्ड पुसलं, पण कापडाने चुगली केली

डिसेंबर २०२५ च्या नगरपरिषद निवडणुकीच्या दिवसांत मी भंडाऱ्यात एका मित्राच्या फ्लेक्सच्या दुकानात बसलो होतो. बॅनरसाठी एक फोटो आला. वक्ता भाषण करतोय, अंगात कोसाचं जॅकेट, कॉलरला छोटा माइक आणि गळ्यात आयकार्डची पट्टी. मागणी एकच: "भाऊ, हे आयकार्ड तेवढं काढून द्या."

फोनमधल्या इरेझरने दहा सेकंदांत पट्टी गेली. स्क्रीनवर झकास दिसत होतं. पण मोठी प्रिंट काढली, तर छातीवर इंग्रजी 'व्ही'च्या आकाराची खूण तशीच!

असं का झालं? पट्टी नुसती कापडावर ठेवलेली नसते, ती कापड दाबते. तिच्या एका कडेला बारीक सावली पडते आणि कापडाच्या घड्या तिच्यापाशी येऊन अडतात. आपण बोटाने फक्त पट्टी रंगवली, सावली बाहेरच राहिली. इरेझर भरण्यासाठी आजूबाजूचे रंग घेतो, त्यामुळे ती सावलीच त्याने आत ओढली.

आकड्यांत बघू. फोटोत छातीची ४० सेंटिमीटर रुंदी १००० पिक्सेलमध्ये आली असेल, तर २ सेंटिमीटरची पट्टी ५० पिक्सेलची होते आणि ४ मिलिमीटरची सावली १० पिक्सेलची. म्हणजे निवड करताना सावलीच्या बाजूला पट्टीच्या बाहेर निदान १०-१२ पिक्सेल जावं लागतं. हाच फोटो व्हॉट्सअॅपवरून लहान होऊन आला, तर सावली तीन-चार पिक्सेलची उरते आणि कोसाची वीण तर गायबच होते. म्हणून आधी मूळ फाइल मागायची.

दुसऱ्या वेळी आम्ही पट्टी एका फटक्यात पुसली नाही. जिथे तिच्याखालून घडी जाते, ते भाग आधी घेतले. घडी पट्टीच्या वर जिथे थांबते आणि खाली जिथे पुन्हा सुरू होते, ती दोन टोकं क्लोन टूलने जोडली. उजेडाची बाजू उजेडाला, अंधाराची अंधाराला. मग मधली सपाट जागा हीलिंगने भरली. कोसाचा धागा कुठे जाड, कुठे बारीक असतो. त्यामुळे एकच तुकडा दोनदा वापरला तर तीच गाठ शेजारीशेजारी दिसते. दर वेळी नमुना वेगळ्या जागेवरून घेतला.

कॉलरचा माइक जास्त त्रासदायक. त्याची क्लिप कापड ओढते, म्हणून तिच्यापासून चारी बाजूंना बारीक ताण पसरतो. माइक गेला आणि ताण राहिला, तर बघणाऱ्याला वाटतं, इथे कापड ओढतंय कोण? अशा वेळी ताणाच्या घड्याही हलक्या कराव्या लागतात. पिनेच्या नावपट्टीने लोंबलेल्या खिशाचंही तसंच.

तपासायला सोपी युक्ती: फोटो आडवा उलटा करा आणि कृष्णधवल करून बघा. रंग गेला की सावलीची चूक लगेच डोळ्यात भरते. बटणांची रांग आणि कॉलरची कड सलग आहे का, तेही बघा.

मोठ्या लोकांचंही इथेच चुकतं. मार्च २०२४ मध्ये ब्रिटनच्या राजघराण्याने केट मिडलटन आणि मुलांचा फोटो दिला. प्रिन्सेस शार्लटच्या डाव्या हाताजवळची बाही जुळत नाही, हे लक्षात आल्यावर एपी या वृत्तसंस्थेने तो मागे घेतला. नंतर केटने संपादन केल्याचं मान्य करून माफी मागितली. संशय आला तो एका बाहीवरून.

मग आयकार्ड काढणं चूक का? बातमीच्या फोटोत हो, तिथे वस्तू पुसायचीच नसते. बॅनरवर उत्तर वेगळं असू शकतं. फेब्रुवारी २०२६ मध्ये केंद्राने आयटी नियमांत बदल करून कृत्रिम मजकुरावर लेबल बंधनकारक केलं. त्यात प्रामाणिक हेतूने केलेलं नेहमीचं संपादन वगळलंय, पण फोटोचा अर्थ किंवा संदर्भ बदलत नसेल तरच.

आमच्या फोटोचा पेच नेमका तिथेच होता. आयकार्डवर एका जुन्या कार्यक्रमाचं नाव आणि साल होतं, आणि बॅनरवर ओळ हवी होती "परवाच्या सभेतील क्षण". कार्ड गेलं की तो फोटो कधीचा, हे सांगणारी एकमेव खूणही जाते. मित्राने आयकार्ड काढून दिलं, पण ती ओळ छापायला नकार दिला. शेवटी बॅनरवर फक्त फोटो आणि नाव गेलं.