फोटोवरचा भाव

सुरतच्या गोडादऱ्यात खानदेशातून आलेल्या मराठी घरांची मोठी वस्ती आहे. तिथे आरीचं काम घेणाऱ्या बायकांनी मोबाइलवरचा फोटो पाहून भाव सांगणं थांबवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. फोटोत नक्षी दिसते, पण भरणी किती दाट आहे ते कळत नाही, आणि वेळ जातो तो भरणीतच. समजा, बुटीकने दोन बाह्यांचे काठ दिले, प्रत्येक 12 इंच लांब आणि 3 इंच रुंद, म्हणजे एकूण 72 चौरस इंच. खाटलीवर एक चौरस इंच जरदोसी भरून पाहिली आणि 20 मिनिटं लागली, तर भरणीचेच 24 तास होतात; छापा उठवणं आणि कापड ताणणं यांचे आणखी दोन. तासाला 60 रुपये धरले तर मजुरी 1,560, शिवाय 400 चा माल. फोटो पाहून 1,500 ला होकार दिला असेल, तर माल वजा जाता तासाला जेमतेम 42 रुपये उरतात. बुटीकवाले म्हणतील, मग संथ हाताला जास्त पैसे का द्यायचे? रास्त प्रश्न आहे. म्हणून तुकडा आधीच भरून दाखवावा आणि त्याच इंचाचा दर ठरवावा. पुढे हात संथ चालला तर तोटा कारागिरीणीचा. मशीन स्वस्त पडते हेही खरं, म्हणून साधी रेघ मशीनला जाऊ द्यावी. मात्र बुटीकने तुकडा उलटून टाके बघावेत: साखळीचं शेवटचं टोक पक्कं नसेल तर एक धागा ओढताच अख्खी ओळ उसवते. असं काम कोणत्याच दराने घेऊ नये.