लग्नसराईतल्या तंबूत शिरण्याआधी

तुळशीची लग्नं लागली की लग्नसराई सुरू होते. रेल्वे रुळांलगतच्या भिंतींवर ‘लग्नाआधी, लग्नानंतर एकदा अवश्य भेटा’ हे वाचून नवरदेव बिचकतो, आणि नवरदेवाचा पंचेचाळिशीतला काका कोणाचं लक्ष नाही ना हे बघून खालचा नंबर टिपून घेतो. हे आवाहन त्या दोघांसाठी आहे. नंबर फिरवायच्या आधी एवढं वाचा.

२०२५ साली बंगळुरूतल्या एका तरुण सॉफ्टवेअर इंजिनिअरने पोलिसांकडे तक्रार दिली. त्याला रस्त्याकडेला लैंगिक समस्यांवरच्या हमखास इलाजाचा एक तंबू दिसला होता. आतल्या ‘गुरुजीं’नी ‘देवराज बूटी’ घ्यायला सांगितली. भाव एका ग्रॅमला १ लाख ६० हजार, ती ठरावीक दुकानातूनच आणायची आणि पैसे रोख. कर्ज काढून, मित्राकडून उसने घेऊन त्याने सुमारे ४८ लाख रुपये दिले. नंतर तपासणीत मूत्रपिंडांना इजा झाल्याचं निघालं, असं त्याने तक्रारीत म्हटलं आहे. हा माणूस अडाणी नव्हता. तो फक्त कोणाला विचारू शकत नव्हता.

या धंद्याची चाल गावोगावी थोड्याफार फरकाने हीच असते. पहिली तपासणी फुकट. नाडी धरून दोन मिनिटांत ‘शिरा कमजोर आहेत’ किंवा ‘धातू जातोय’ असं निदान. रक्ताच्या शंभर थेंबांपासून वीर्याचा एक थेंब बनतो, ही थापही बरोबर येते. तसं काही नसतं. झोपेत वीर्य जाणं हा आजारच नाही. मग पुडी सुरू होते आणि दर भेटीला ‘रोग मुरलेला आहे’ म्हणून किंमत वाढते. बिल मिळत नाही, पुडीवर नाव नसतं. घरी सांगू नका, ही ताकीद मात्र न चुकता मिळते.

लोक फसतात, कारण पुडी पुष्कळदा खरंच लागू पडते. अशा ‘शुद्ध आयुर्वेदिक’ चूर्णांत सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, मिसळलेलं वारंवार सापडलं आहे. ओळखण्याची खूण सोपी आहे. जडीबुटी घेतल्यावर तासाभरात गुण आला आणि जोडीला चेहरा तापला, नाक चोंदलं, डोकं धरलं, तर तिच्यात मिसळ असल्याचा दाट संशय घ्या. हे औषध वाईट नाही. डॉक्टर ते रोज लिहून देतात, पण आधी विचारतात, ‘छातीत दुखतं का? जिभेखाली गोळी ठेवता का?’ हृदयरोग्याच्या त्या सॉर्बिट्रेटसारख्या नायट्रेट गोळीबरोबर सिल्डेनाफिल पोटात गेलं, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. तंबूवाला हा प्रश्न विचारणारच नाही. पुडीत काय आहे हे त्याला कबूल करायचं नसतं.

मग जायचं कोणाकडे? पाटीवरचे शब्द सारखेच वाटतात, तरी शिक्षण वेगळं असतं. युरॉलॉजिस्ट म्हणजे एमबीबीएसनंतर शस्त्रक्रियेत एमएस आणि त्यापुढे मूत्ररोगात एमसीएच किंवा डीएनबी केलेला सर्जन. मूत्रपिंडापासून शिश्नापर्यंतचं सगळं तो बघतो. अँड्रॉलॉजिस्ट बहुतेक वेळा पुरुषांच्या वंध्यत्वाचा आणि संप्रेरकांचा जास्त अनुभव घेतलेला युरॉलॉजिस्टच असतो. सेक्सॉलॉजिस्ट या शब्दाजवळ मात्र थांबा. आपल्याकडे तो कोणीही पाटीवर लिहितो, म्हणून त्याखालची पदवी वाचा. एमडी मानसोपचार किंवा तशीच एमबीबीएसनंतरची पदवी असेल तर आत जा.

आता तो काका घेऊ. समजा वय ४७, पोट सुटलेलं, तंबाखूची सवय, आणि दोन वर्षांत हळूहळू ताठरता कमी होत गेली. त्याला पहिला प्रश्न हा, की पहाटे झोपेतून उठताना ताठरता असते का? ती एकांतातही नाही आणि पहाटेही नाही, म्हणजे दुखणं बहुधा शरीरात आहे. त्याने आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे जाऊन रक्तदाब, उपाशीपोटी साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर आणि कोलेस्टेरॉल तपासावं. डॉक्टर सकाळी टेस्टोस्टेरॉनही बघतील. शिश्नाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांहून बारीक, म्हणून आधी तुंबतात. ताठरतेची ही तक्रार पुढच्या हृदयविकाराची सूचना काही वर्षं आधी देऊन जाते. काकाची साखर २६० निघाली, तर अर्धं उत्तर तिथेच मिळालं. तो भाग हाताळून झाल्यावर युरॉलॉजिस्ट. तंबूत गेला असता तर चूर्णाने ताठरता आली असती आणि मधुमेह तसाच वाढत राहिला असता.

नवरदेवाचं वेगळं आहे. पहाटे ताठरता आहे, एकटा असताना आहे, बायकोजवळ गेल्यावर मात्र जाते. हा शिरांचा दोष नसून बहुतेक वेळा धास्तीचा प्रकार असतो. शीघ्रपतनाच्या भीतीचंही बरंचसं तसंच. इथे सेक्सॉलॉजिस्ट योग्य, आणि जोडीने गेलात तर उत्तम.

लग्नाला वर्ष झालं, नियमित संबंध आहेत, मूल राहत नाही, तर अँड्रॉलॉजिस्ट. वीर्यतपासणी दोन ते सात दिवस संबंध न ठेवता करायची, आणि बिघाड दिसला तर पुन्हा करायची, कारण आकडे खालीवर होतात. ‘पंधरा दिवसांत काउंट दुप्पट’ म्हणणाऱ्याला दारातूनच नमस्कार करा. शुक्राणू तयार व्हायलाच अडीच ते तीन महिने लागतात. जिममध्ये किंवा भोंदूकडे ‘ताकदीची’ टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतली असतील तर लपवू नका. त्यांनी शुक्राणू वाढत नाहीत, उलट बनायचे थांबतात.

दोन वेळा मात्र निवडीचा विचारच नको, थेट इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत जा. एक, मुलाच्या वृषणात अचानक तीव्र कळ आली तर. पीळ पडला असेल तर तो सोडवायला साधारण सहा तासच हातात असतात. दुसरी, ताठरता चार तासांनंतरही उतरत नसेल तर.

भोंदू ओळखायला जाहिरात पुरते. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने लैंगिक सुखाची क्षमता वाढवण्याचा किंवा नपुंसकत्व बरं करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करायला बंदी आहे, आणि पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. भिंतीवरचा तो मजकूर बहुतेक वेळा स्वतःच गुन्हा असतो. फोटो काढा, ठिकाण आणि तारीख लिहा, आणि अन्न व औषध प्रशासनाला किंवा तालुक्याच्या, महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याला द्या. दवाखान्यात गेलात तर नोंदणी क्रमांक विचारा. ॲलोपॅथीच्या डॉक्टरचा महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे, वैद्याचा महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे नोंदलेला असतो. विचारल्यावर जो चिडतो, त्याच्याकडून उठून या.

पुडी आधीच घेऊन झाली असेल तर उरलेली फेकू नका. कागदासकट डॉक्टरांना दाखवा, मूत्रपिंड आणि यकृताची रक्ततपासणी करून घ्या. छातीत दुखून इस्पितळात न्यावं लागलंच, तर बाकी काही बोलायच्या आत, बायको-मुलं शेजारी उभी असली तरी, सांगा: ‘मी गेल्या दोन दिवसांत ताकदीचं चूर्ण घेतलंय.’ नायट्रेटची गोळी द्यायची की नाही, हे डॉक्टर त्या वाक्यावर ठरवतील.