इशानंतरची गोष्ट : तेंबो आणि बीबी



गेल्या महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातून एका भगिनीचे पत्र आले. त्यांचे दुसरे बाळंतपण दोन महिन्यांवर आले आहे. घरात तीन वर्षांची मुलगी आहे. बाळंतपणाच्या दिवसांत तिला सांभाळायला गावाहून दादी आल्या आहेत, पण मुलगी त्यांच्याजवळ जायलाच तयार नाही. दादींचा आवाज जाड आहे, मधूनमधून खोकला येतो, हात खरखरीत आहेत. दिवसा एक वेळ चालते, पण रात्री दादी पलंगाजवळ आल्या की ती अम्मीच्या ओढणीत तोंड लपवते. दादी काही बोलत नाहीत, पण त्यांचे डोळे भरून येतात. “दवाखान्यात जाण्याआधी हिला दादीजवळ झोपायची सवय लागावी, अशी एखादी गोष्ट सांगाल का?” असे त्यांनी विचारले आहे.

आम्हाला लगेच हत्तीची गोष्ट आठवली. सूरह फीलमुळे आपल्या घरांतली मुले हत्तीला लवकर ओळखतात, आणि हत्तींच्या कळपात खरोखरच एक दादी असते. माद्या आणि पिल्ले मिळून कळप होतो, मोठे झालेले नर वेगळे निघून जातात. आफ्रिकेतल्या अशा कळपाची वाट बहुधा सर्वांत वयस्कर हत्तीण ठरवते. म्हणून आम्ही ही गोष्ट आफ्रिकेतल्या टांझानिया देशात, तारांगिरे नावाच्या जंगलात ठेवली आहे.

तिथे १९९३ साली ३५ वर्षांतला सर्वांत मोठा दुष्काळ पडला. अभ्यासकांनी लक्ष ठेवलेल्या ८१ पिल्लांपैकी १६ पिल्ले नऊ महिन्यांत दगावली. एरवी शंभरात दोनच दगावतात. काही कळप जंगल सोडून दुसरीकडे पाण्याच्या शोधात गेले, काही जागीच राहिले. जे गेले त्यांची पिल्ले जास्त वाचली. त्या कळपांत वयस्कर माद्या होत्या. त्याआधीचा मोठा दुष्काळ १९५८ ते १९६१ या काळात पडला होता. तेव्हा लहान असलेल्या माद्यांना ती वाट आठवली असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. जागीच राहिलेल्या कळपांच्या पुढारी माद्या वयाने लहान होत्या, तो दुष्काळ त्यांनी पाहिलेलाच नव्हता.

हे मोठ्यांसाठी. झोपणाऱ्या मुलाला मरणाचा शब्दही सांगायचा नाही. त्याच्यासाठी एवढेच पुरे की पाणी संपले आणि बीबीला वाट माहीत होती. तिकडच्या स्वाहिली भाषेत ‘तेंबो’ म्हणजे हत्ती आणि ‘बीबी’ म्हणजे आजी. आपल्या कानांना दोन्ही नावे परकी वाटत नाहीत.

गोष्ट अशी सांगा, अगदी हळू.

*

एक होता छोटा हत्ती. त्याचे नाव तेंबो. तेंबो अम्मीच्या पोटाखाली चालायचा. ऊन लागले की पोटाखाली. पाऊस आला की पोटाखाली. पण तेंबो मोठा झाला. एक दिवस त्याची पाठ अम्मीच्या पोटाला लागली. टक्! आता तो पोटाखाली मावेना. मग तो अम्मीच्या शेजारी चालू लागला.

कळपात एक बीबी होती. बीबी खूप मोठी. बीबीची कातडी सुरकुत्या सुरकुत्यांची. बीबीचा एक सुळा तुटलेला. बीबीचा आवाज जाड जाड. हूंऽऽऽम.

तेंबोला बीबीची भीती वाटायची. तो अम्मीच्या पायामागे लपायचा. बीबी रागवायची नाही. बीबी थांबायची. हूंऽऽऽम.

एक दिवस नदीतले पाणी संपले. सगळीकडे वाळूच वाळू. तेंबोला तहान लागली. बीबी वाळूत गेली. पायाने वाळू उकरली. खर्र, खर्र, खर्र. तेंबो म्हणाला, “ही तर वाळू आहे!” बीबी थांबली. हूंऽऽऽम. आणि खड्ड्यात हळूहळू काय आले? पाणी आले! बीबी बाजूला झाली. आधी तेंबो प्यायला. तेंबो बीबीच्या जवळ गेला का? नाही. पण त्याने बीबीकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी सगळे नदीचा काठ चढू लागले. अम्मी चढली. मावशी चढली. तेंबो घसरला. घर्रर्र! पुन्हा चढला. घर्रर्र! मागून एक सोंड आली. मऊ मऊ सोंड. सोंडेने तेंबोला हळूच वर ढकलले. तेंबोने मागे वळून पाहिले. कोण होते? बीबी! तेंबो पळाला का? नाही. त्याने आपली छोटी सोंड बीबीच्या सोंडेला लावली. एवढीशीच.

मग वाळूतले पाणीपण संपले. बीबी म्हणाली, “चला.” आणि बीबी दुसऱ्याच वाटेने निघाली. तेंबो थांबला. ही वाट त्याने पाहिलीच नव्हती. अंधार पडत होता. “मी नाही येत,” तेंबो म्हणाला.

बीबी रागावली का? नाही. बीबी थांबली. अम्मी थांबली. मावशी थांबली. सगळे हत्ती थांबले. हूंऽऽऽम.

तेंबोला वाळूतले पाणी आठवले. तेंबोला मऊ सोंड आठवली. तो एक पाऊल पुढे गेला. मग दुसरे पाऊल. मग त्याने सोंडेने बीबीची शेपटी धरली. आणि सगळे चालू लागले. धप्, धप्, धप्. गोरखचिंचेच्या झाडाजवळून. धप्, धप्, धप्. चांदण्यांच्या खालून. धप्, धप्, धप्.

सकाळी तेंबोच्या सोंडेला वास आला. ओल्या मातीचा वास! समोर पाणीच पाणी. हिरवे हिरवे गवत. तेंबो पोटभर प्यायला. मग त्याला झोप आली. तो गवतावर आडवा झाला. एका बाजूला अम्मी उभी राहिली. दुसऱ्या बाजूला बीबी उभी राहिली. तेंबोने डोळे मिटले. हूंऽऽऽम. हूंऽऽम. हूंम.

*

या गोष्टीत सांभाळायची गोष्ट एकच आहे. तेंबो एकदम विश्वास ठेवत नाही. पहिल्या दिवशी तो फक्त पाहतो, दुसऱ्या दिवशी सोंड लावतो, तिसऱ्या दिवशी मागे चालतो. आणि प्रत्येक वेळी आधी बीबी थांबते. सांगताना पुष्कळदा आपण घाई करतो आणि शेवटी म्हणतो, “बघ, तेंबोने मोठ्यांचे ऐकले, तूही ऐक.” तेवढ्याने गोष्ट बिघडते. मुलीला कळते की ही गोष्ट तिच्यावर रोखलेली आहे. मग दुसऱ्या दिवशी ती म्हणते, “हत्तीची नको.” दादींचे नाव गोष्टीत एकदाही घेऊ नका. जाड आवाज आणि खरखरीत कातडी कोणाची, ते तीन वर्षांचे मूल स्वतःच ओळखते.

आमचा सल्ला असा की आजपासूनच सुरुवात करावी, दवाखान्याच्या आदल्या आठवड्यात नव्हे. पहिले काही दिवस गोष्ट अम्मीनेच सांगावी. दादींनी पलंगाच्या पायथ्याशी नुसते बसावे, तसबीह हातात असली तरी चालेल. मुलीकडे टक लावून पाहू नये, तिला जवळ ओढू नये. मुलगी त्यांच्या बसण्याला सरावली की ‘हूंऽऽऽम’ दादींनी म्हणावे. ज्या जाड आवाजाची भीती वाटते, तोच आवाज इथे उपयोगी पडतो, अम्मीच्या बारीक आवाजात बीबी तशी वठत नाही. एक दिवस अम्मीच हूंऽऽम म्हणून बसली आणि मुलगी म्हणाली, “तू नको, दादी म्हणू दे,” तर समजावे की तिने दादींकडे पाहिले, तेंबोने पाहिले तसे. त्यानंतर धप् धप् म्हणताना दादींच्या बोटांनी तिच्या पावलांवर हलके थापटावे. तिने पाय मागे घेतला तर बोटे उचलावीत आणि दोन दिवस पुन्हा फक्त आवाजावर राहावे. पाय तसाच राहिला की पुढच्या आठवड्यात गोष्ट दादींनी सांगावी आणि अम्मीने शेजारी बसावे. शेवटी अम्मीने दुसऱ्या खोलीत जावे.

इथे एक चूक फार घरांत होते. मूल झोपले की अम्मी गुपचूप उठून जाते. रात्री मुलीला जाग येते, शेजारी दुसरेच कोणी असते, आणि महिनाभराची मेहनत एका रात्रीत जाते. म्हणून मग्रिबनंतरच सांगून टाकावे, “आज तू दादीजवळ झोपायचे. मी त्या खोलीत आहे. सकाळी मी येईन.” ती रडली तर रडू द्यावे, पण खोटे बोलू नये. बीबी तेंबोला फसवून नेत नाही, तो येईपर्यंत थांबते.

आणि एक गोष्ट आयांसाठी. ही गोष्ट मुलाचे ‘नाही’ बंद करण्यासाठी वापरू नका. या पत्रातल्या मुलीला नवेपणाची भीती आहे, ती अशी हळूहळू जाते. पण आधी रुळलेले मूल एखाद्या मोठ्या माणसाला अचानक टाळू लागले, त्याच्याजवळ एकटे राहायला नकार देऊ लागले, तर गोष्ट बाजूला ठेवा आणि आधी त्याचे शांतपणे ऐका. त्याला त्या माणसाजवळ एकटे सोडू नका. तेंबोने विश्वास ठेवला तो बीबी मोठी होती म्हणून नव्हे. तिने पाणी काढले, आधी त्याला पाजले, घसरला तेव्हा सावरले, म्हणून ठेवला.

दादींना आमचा सलाम सांगा. त्यांना म्हणावे, मुलगी तोंड लपवते तेव्हा मन लहान करू नका. गोष्टीतली बीबीही रोज थांबलीच होती. झोपण्याची दुआ मात्र पहिल्या दिवसापासून तिघींनी मिळून म्हणावी, त्यासाठी कोणी कोणाच्या कुशीत असायला लागत नाही.

बाळंतपण सुखरूप होवो, आमीन. पुढच्या महिन्यात भेटू, इन्शाअल्लाह.