पिपेटवरचा आकडा तराजूला विचारा

वाण्याच्या दुकानातील वजने व मापे ठरावीक मुदतीने तपासून घ्यावी लागतात आणि त्यांवर सरकारी शिक्का असावा लागतो. प्रयोगशाळेत मात्र मायक्रोपिपेटच्या खिडकीत १०० हा आकडा दिसला, की आपण वहीत '१०० मायक्रोलिटर' असे लिहून मोकळे होतो. वास्तविक तो आकडा म्हणजे मोजमाप नव्हे. पिपेटमधील दट्ट्या किती सरकेल, याची ती केवळ खूण आहे. टोकातून प्रत्यक्षात किती द्रव बाहेर पडला, हे खिडकी सांगू शकत नाही. ते तराजू सांगतो. म्हणून माझे असे मत आहे, की विद्यार्थ्याच्या हाती मायक्रोपिपेट प्रथम येईल त्या दिवशी त्याने रसायनांना हात लावू नये. तिने पाणी घ्यावे आणि ते तोलून पाहावे.

या पिपेटची रचना साधी आहे. वरचे बटण दाबले की आतील दट्ट्या खाली जातो. बटण सोडले की तो वर येतो व त्याच्यामागोमाग प्लास्टिकच्या टोकात द्रव चढतो. दट्ट्या आणि द्रव यांच्यामध्ये हवेचा थर असतो. बटणाला दोन थांबे असतात. पहिल्या थांब्यापर्यंत दाबले असता ठरविलेले आकारमान मिळते. दुसरा थांबा टोकात राहिलेला थेंब बाहेर ढकलण्यासाठी असतो.

आता तपासणी कशी करावयाची ते पाहू. ऊर्ध्वपातित पाणी, पिपेट व तराजू एकाच खोलीत दोन तास ठेवा, म्हणजे सर्वांचे तापमान सारखे होईल. झाकणाच्या लहान बाटलीत थोडे पाणी आधीच घालून ठेवा. त्यामुळे आतील हवा दमट राहते आणि तोलताना बाष्पीभवन कमी होते. नव्या टोकात पाच वेळा पाणी भरून काढून टाका. मग १०० मायक्रोलिटर पाणी बाटलीत सोडा, झाकण लावा व वजनातील वाढ नोंदवा. असे दहा वेळा करा.

समजा, १०० मायक्रोलिटरच्या पिपेटची दहा वजने मिलिग्रॅममध्ये अशी आली : ९८.९, ९९.१, ९८.८, ९९.०, ९८.९, ९९.२, ९८.८, ९९.०, ९८.९, ९९.१. त्यांची सरासरी ९८.९७ येते. येथे बरेच जण घाई करतात. एक मिलिग्रॅम पाणी म्हणजे एक मायक्रोलिटर असे धरून ते म्हणतात, पिपेट १.०३ मायक्रोलिटर कमी देते. परंतु २५ अंश सेल्सियसला पाण्याची घनता १ नसून ०.९९७ असते. शिवाय हवा पाण्याला किंचित वर उचलून धरते, त्यामुळे वजन थोडे कमी भरते. या दोन्ही कारणांसाठी या तापमानाला मिलिग्रॅमना १.००४० ने गुणावे लागते. गुणाकार ९९.३७ येतो. म्हणजे खरी तूट ०.६३ मायक्रोलिटर आहे.

आयएसओ ८६५५ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० मायक्रोलिटरच्या पिपेटची सरासरी चूक ०.८ मायक्रोलिटरपेक्षा अधिक असू नये. आपली पिपेट उत्तीर्ण झाली! गुणाकार विसरला असता, तर हीच पिपेट नापास ठरली असती. दहा वजनांतील आपापसातला फरकही पाहावा. येथील प्रमाण विचलन सुमारे ०.१३ मायक्रोलिटर आहे आणि मर्यादा ०.३ ची आहे. सरासरी ठीक असून वजने विखुरलेली असतील, तर बहुधा टोक सैल बसले आहे किंवा बटण दाबणारा हात एकसारखा नाही. वजने एकमेकांच्या जवळ असून सरासरी दूर असेल, तर दोष पिपेटच्या जुळणीत शोधावा.

उत्तीर्ण झालेली पिपेटही चुकीच्या कामाला लावली तर फसविते. मानकातील ०.८ मायक्रोलिटरची सवलत त्या पिपेटच्या संपूर्ण टप्प्याला लागू असते. १०० मायक्रोलिटर घेताना ती ०.८ टक्के होते. पण त्याच पिपेटवर १० चा आकडा लावला, तर तीच सवलत ८ टक्के होते. १० मायक्रोलिटरच्या पिपेटला मात्र फक्त ०.१२ मायक्रोलिटरची, म्हणजे १.२ टक्क्यांची सवलत आहे.

हा फरक कागदावरचा नाही. रक्तातील साखर तपासण्याच्या एका नेहमीच्या पद्धतीत १० मायक्रोलिटर रक्तद्रव १००० मायक्रोलिटर अभिकर्मकात मिसळतात. उपाशीपोटी १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर ही मधुमेहाच्या निदानाची सीमा मानतात. नेमकी १२६ साखर असलेल्या माणसाचा रक्तद्रव ८ टक्के कमी पडला, तर उत्तर सुमारे ११६ येईल. प्रमाण द्रावणही त्याच पिपेटने घेतले असेल, तर दोन्हींकडील सारखी चूक बरीचशी कटून जाते. पण प्रत्येक वेळची कमीजास्त चूक कटत नाही. म्हणून नियम असा, की हवे असलेले आकारमान ज्या पिपेटच्या कमाल मर्यादेच्या सर्वांत जवळ असेल, ती पिपेट उचलावी.

तिसरी फसवणूक द्रवाची असते. तेलाची पळी ओतली तरी पळीला तेल चिकटून राहते, हे आपण स्वयंपाकघरात रोज पाहतो. ग्लिसरीन पाण्यापेक्षा सुमारे हजारपट दाट असते, म्हणजे वाहण्यास तितका विरोध करते. त्याची घनता १.२६ असल्यामुळे १०० मायक्रोलिटर ग्लिसरीन १२६ मिलिग्रॅम भरावयास हवे. समजा, नेहमीच्या रीतीने घेतल्यावर ते ११२ भरले, तर पडले केवळ ८९ मायक्रोलिटर. बाकीचे टोकाच्या भिंतीला थर होऊन राहिले.

यावर उलट्या रीतीचा उपाय आहे. बटण आधीच दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबा, टोक द्रवात बुडवा व बटण अगदी सावकाश सोडा. द्रव चढणे थांबेपर्यंत टोक बाहेर काढू नका. आता टोकात गरजेपेक्षा जास्त द्रव आला आहे. सोडताना फक्त पहिल्या थांब्यापर्यंत दाबा. भिंतीला चिकटायचे ते या जादा द्रवातून चिकटते आणि ठरविलेले माप बाहेर पडते. टोकात उरलेला द्रव टाकून द्या. तो मापात धरावयाचा नाही. पाण्याला मात्र ही रीत वापरू नये, कारण तेथे माप थोडे जास्त पडण्याचा संभव असतो. निव्वळ ग्लिसरीन इतके दाट असते, की तेथे ही रीतही अपुरी पडू शकते. मधला हवेचा थर ताणला जातो व द्रव मागे राहतो. अशा वेळी सरळ १२६ मिलिग्रॅम ग्लिसरीन तोलून घ्यावे, हेच शहाणपणाचे.

काही शिक्षक म्हणतील, मिलिग्रॅमचा दहावा भाग दाखविणारा तराजू शाळेत आणावयाचा कोठून? शिवाय मानकाप्रमाणे १०० मायक्रोलिटरसाठी त्याहूनही सूक्ष्म तराजू लागतो. हा आक्षेप रास्त आहे. परंतु शाळेत काचेची १० मिलिलिटरची पिपेट असते, आणि तिच्यासाठी ०.०१ ग्रॅमपर्यंत वाचणारा तराजू पुरतो. २५ अंशांना तिच्यातून ९.९६ ग्रॅम पाणी पडले पाहिजे. 'ब' वर्गाच्या अशा पिपेटला ०.०४ मिलिलिटर कमीजास्त चालते. म्हणजे वजन ९.९२ ते १०.०० ग्रॅमच्या दरम्यान यावे. एका तासिकेत सारा वर्ग हे करू शकेल. अनुमापनाच्या सूत्रात आपण दर वेळी १० हा आकडा घालतो. तो कोठून आला, असे परीक्षकाने विचारले, तर 'पिपेटवर लिहिला होता' हे उत्तर मी अपुरे मानीन. 'आम्ही तोलून पाहिला' हे उत्तर विज्ञानाचे आहे.