ठळक अक्षरं आणि तारेची खूण

परवा रविवारी भाचा घरी आला. तो पुण्यातल्या एका बिल्डरच्या मार्केटिंगमध्ये आहे. नव्या प्रोजेक्टच्या लाँचची पोस्ट फेसबुकवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायची होती. "मामा, जरा मराठी तपासून दे ना, ऱ्हस्व-दीर्घ वगैरे," म्हणाला. मी चष्मा लावून बसलो. ऱ्हस्व-दीर्घ बरोबर होतं, बाकीचं मात्र माझ्या घशाखाली उतरेना.

पोस्ट साधारण अशी होती: ७१० चौरस फूट युजेबल कार्पेट, दोन बेडरूम, फक्त ७१ लाख, ताबा डिसेंबर २०२७*. शेवटी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, 'महारेरा क्रमांक लवकरच'.

सुरुवात शेवटच्या ओळीपासून केली. विचारलं, "नंबर आला नाही तर पोस्ट कशी टाकतोस?" "अरे मामा, बुकिंग घेतच नाहीये. नुसते इंटरेस्ट फॉर्म भरून घेतोय, पन्नास हजारांच्या चेकसह." आता रेरा कायदा २०१६ चा. त्याचं तिसरं कलम म्हणतं की नोंदणी होण्याआधी जाहिरातही करायची नाही, विक्री तर दूरच. फक्त ५०० चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा आठपर्यंत फ्लॅट असलेल्या छोट्या कामांना यातून सूट आहे. याच्या प्रोजेक्टमध्ये तीन विंग आहेत. तेव्हा 'लवकरच' याचा अर्थ इतकाच की पोस्टही लवकरच टाकायची, आज नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात जाहिरातीवर क्यूआर कोडही लागतो. नंबरच नसेल तर कोड कुठून आणणार?

नंबर आल्यावरही एक मेख राहते. नोंदणी बहुतेक वेळा टप्प्याटप्प्याने होते. याच्याकडे ए आणि बी विंगचा अर्ज गेला आहे. सी विंग आणि क्लबहाऊस दुसऱ्या टप्प्यात. पोस्टमधल्या चित्रात मात्र क्लबहाऊसचा निळाशार तलाव सगळ्यात पुढे! म्हणजे नंबर एका गोष्टीचा आणि चित्र दुसऱ्या गोष्टीचं. मी म्हटलं, चित्राखाली लिही की हे दुसऱ्या टप्प्यात आहे आणि त्याची नोंदणी अजून व्हायची आहे. नाहीतर चित्र काढ. शिवाय नंबर म्हणजे काही सरकारने दिलेली हमी नव्हे. साइटवर दिसते ती बिल्डरने स्वतः भरलेली माहिती. पण ती लेखी असते आणि कोणालाही उघडून पाहता येते, हाच तिचा उपयोग.

मग आलो त्या तारेच्या खुणेवर. डिसेंबर २०२७ ही म्हणे 'टार्गेट' तारीख. "आणि अर्जात काय भरलंय?" "जून २०२९," भाचा जरा हळू आवाजात म्हणाला. दीड वर्षाचा फरक! त्याचं म्हणणं असं की साहेबांना खरंच २०२७ मध्ये काम संपवायचंय, अर्जातली तारीख फक्त सुरक्षित ठेवलीय. असेलही. पण करारनाम्यात कोणती लिहिणार? जून २०२९. उशीर झाला तर कलम १८ प्रमाणे व्याज किंवा पैसे परत मागायचे, तेही करारातल्या तारखेपासून. मधल्या दीड वर्षात गिऱ्हाईक भाडं भरणार आणि कर्जाचं व्याजही. महिना २२ हजार भाडं धरलं तर १८ महिन्यांचे ३ लाख ९६ हजार होतात. ज्याने पोस्ट वाचून 'डिसेंबरमध्ये भाड्याचं घर सोडू' असा हिशोब मांडला, त्याच्या खिशातून ते जाणार. खोटी जाहिरात म्हणून कलम १२ खाली भरपाई मागता येते हे खरं, पण 'टार्गेट' हा शब्द छापलेला असला की भांडण सोपं राहत नाही. ती तार तिथे त्यासाठीच असते.

आणि 'ताबा' म्हणजे तरी काय? महापालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र हातात आल्यावर मिळतो तो ताबा. त्याआधी "किल्ली घ्या, फर्निचर सुरू करा" म्हणतात तो नव्हे.

राहिलं क्षेत्रफळ. कायद्यात कार्पेटची व्याख्या स्वच्छ आहे: आतल्या भिंती धरून वापरण्याजोगी जागा. बाहेरच्या भिंती, डक्ट, स्वतंत्र बाल्कनी आणि उघडी टेरेस त्यात येत नाहीत. 'युजेबल कार्पेट' हा शब्द कायद्यात कुठेच नाही. भाच्याकडून नकाशा मागून घेतला. कार्पेट ६२० चौरस फूट, हॉलची बाल्कनी ६२, ड्राय बाल्कनी २८. बेरीज ७१०. सगळे आकडे खरे, पण त्यांना दिलेलं नाव खोटं. ७१ लाखांना ७१० ने भागलं की दर येतो बरोबर १०,०००. ६२० ने भागलं की ११,४५२. शेजारचा बिल्डर प्रामाणिकपणे ६२० लिहून ११,२०० दर सांगत असेल, तर तो स्वस्त असूनही महाग दिसतो.

इथे भाचा उसळला. "मामा, हेच तर! सगळे ७१० लिहितात. मी एकट्याने ६२० लिहिलं तर फोनच येणार नाहीत. माझं टार्गेट कोण भरणार?" त्याचं अगदीच चुकीचं आहे असं मला म्हणवत नाही. महिन्याच्या शेवटी उत्तर त्यालाच द्यायचं असतं, मला नाही. पण बाल्कनी लपव असं मी म्हणतच नव्हतो. ती आहे, चांगली आहे, संध्याकाळचा चहा तिथेच होणार. फक्त तिला बाल्कनी म्हण.

शेवटी दोघांनी मिळून पोस्ट पुन्हा लिहिली:

'ए आणि बी विंग. महारेरा नोंदणी क्रमांक (इथे), क्यूआर कोड सोबत, माहिती maharera.maharashtra.gov.in वर. दोन बेडरूम: रेरा कार्पेट ५७.६० चौ. मी. (६२० चौ. फूट), त्याशिवाय बाल्कनी ६२ आणि ड्राय बाल्कनी २८ चौ. फूट. किंमत ७१ लाख. मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि जीएसटी वेगळे. महारेराकडे नोंदवलेली पूर्णत्वाची तारीख: जून २०२९, करारनाम्यातही हीच. क्लबहाऊस दुसऱ्या टप्प्यात, त्याची नोंदणी व्हायची आहे.'

सगळी अक्षरं एकाच आकाराची, तार कुठेही नाही. आणि नंबर येईपर्यंत ही पोस्ट मोबाइलमध्येच राहणार, हेही कबूल करून घेतलं.

भाच्याने ती साहेबांना पाठवली. सोमवारी उत्तर आलं: नंबर येईपर्यंत थांबू, आकडे ठीक, पण तारखेखाली 'त्याआधी देण्याचा प्रयत्न' एवढं तरी लिहा. मी म्हटलं, लिही. फक्त महिना आणि साल घालू नकोस. प्रयत्नाला तारीख चिकटली की लोक तीच वाचतात आणि तिच्यावर घर सोडतात.

असो. आपल्या गोतावळ्यात सध्या तिघेजण घर बघतायत हे मला ठाऊक आहे. मंडळी, पोस्ट आली की आधी साइटवर नंबर टाका, तारीख आणि कार्पेट तिथून कागदावर उतरवा, आणि मगच तलावाचं चित्र बघा.