‘सोसायटी’ म्हणून आलेली कंपनी

हिरड्याचा हंगाम आला की कोणीतरी नवा माणूस पाड्यावर येतो. “आमची सोसायटी आहे, शंभर रुपये भरा, सभासद व्हा.” यंदा आलेल्याने तर ग्रामसभेचा ठरावच मागितला, सगळा हिरडा त्यालाच घालायचा म्हणून. म्हातारी माणसं राजी झाली, कारण सोसायटी म्हटलं की ती आपलीच वाटते.

आम्ही पावती मागितली. नावाच्या शेवटी ‘लिमिटेड’ होतं. तो म्हणाला, “बघा, मर्यादित, सहकारीच आहे.” इथंच आपण फसतो. मर्यादित म्हणजे एवढंच की धंदा बुडाला तर सभासदाच्या अंगावर शेअरपुरतंच येतं. सहकारी संस्थाही मर्यादित आणि शेटची प्रायव्हेट कंपनीही मर्यादित. ‘सहकारी’ हा शब्द कुठं आहे ते बघा. त्या पावतीवर तो नव्हताच.

खाली बारीक अक्षरात लांबलचक नंबर होता. आधी `U`, मग पाच आकडे, मग `MH`, मग साल, मग `PTC`, शेवटी सहा आकडे. हा कंपनीचा नंबर. बिलावर, पत्रावर तो छापणं कंपनीला बंधनकारक आहे. सहकारी संस्थेला असा नंबर नसतो. तिला निबंधकाचा नोंदणी दाखला असतो, आणि तो 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली दिल्याचं त्यावरच लिहिलेलं असतं.

नावाने काय बिघडतं म्हणाल, तर सहकारी संस्थेत दहा शेअरवाल्याला एक मत आणि एक शेअरवाल्या बाईलाही एकच. हिशेबात घोळ झाला तर तालुक्याच्या सहाय्यक निबंधकाच्या टेबलावर अर्ज ठेवता येतो. साध्या प्रायव्हेट कंपनीत ज्याचे शेअर जास्त त्याची मतं जास्त. तिची तक्रार घेऊन गेलात तर निबंधक म्हणणार, हे आमच्याकडे नाही. कंपनीचा रजिस्ट्रार बसतो मुंबई-पुण्याला. एसटीचं भाडं कोण देणार?

आता एक गुंता. ‘प्रोड्युसर कंपनी’ म्हणून तिसरा प्रकार 2003 पासून आहे. उत्पादकच तिचे सभासद असतात आणि साधारणपणे माणशी एकच मत. म्हणजे कंपनी दिसली की हाकला, असं आमचं म्हणणं नाही. पण तिच्याही नंबरात `PTC` येऊ शकतं आणि तिचाही रजिस्ट्रार तोच, लांबचा. नावात ‘प्रोड्युसर’ हा शब्द आहे का बघा. यंदाच्या पावतीवर तोही नव्हता. आणि ते शंभर रुपये? पावतीवर ‘नोंदणी फी’ लिहिलंय. शेअर नाही. म्हणजे शंभर देऊन आपण कशाचेच सभासद झालो नाही.

ठराव अजून झालेला नाही. अंगठे देण्याआधी कंपनीचं नाव घेऊन तालुक्याच्या सेवा केंद्रात जा आणि `mca.gov.in` वर बघायला सांगा. डायरेक्टर कोण आणि ऑफिस कुठं ते तिथं दिसतं. डायरेक्टरांची नावं उतरवून आणा आणि ग्रामसभेत मोठ्यानं वाचा.